क्लेम नाकारला, लोकपालांना काय लिहायचं?

आरोग्य विम्याचा क्लेम नाकारल्याचं पत्र आलं की माणूस आधी चिडतो, मग फोन फिरवायला लागतो. कॉल सेंटरवर दर वेळी नवा आवाज, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. महिना-दोन महिने असे गेल्यावर कोणीतरी सुचवतं, विमा लोकपालांकडे जा. मग रात्री बसून चार पानी अर्ज लिहिला जातो. त्यात तीस वर्षांची नोकरी, एकही हप्ता न चुकवल्याचा अभिमान, इस्पितळातली धावपळ आणि कंपनीचा निगरगट्टपणा हे सगळं असतं. नसते ती एकच गोष्ट: कंपनीकडे लेखी तक्रार कधी केली आणि तिचं काय झालं.

लोकपालांचं कार्यालय सगळ्यात आधी नेमकं तेच शोधतं. विमा लोकपाल नियम, 2017 मधला नियम 14 याबाबत स्पष्ट आहे. ग्राहकाने आधी विमा कंपनीकडे लेखी किंवा ईमेलने तक्रार केलेली असली पाहिजे. कंपनीने ती फेटाळली, किंवा दिलेलं उत्तर समाधानकारक नाही, किंवा तक्रार मिळून महिना उलटला तरी उत्तरच नाही, यांपैकी एक गोष्ट घडलेली असली पाहिजे. आणि त्यानंतर वर्षाच्या आत लोकपालांकडे अर्ज यायला हवा. उशिराचं कारण पटलं तर लोकपाल तो माफ करू शकतात, पण त्या भरवशावर राहू नये.

इथे बहुतेकांचा घोटाळा एकाच जागी होतो. क्लेम नाकारल्याचं पत्र म्हणजेच कंपनीचं अंतिम उत्तर, असं त्यांना वाटतं. तसं नसतं. ते क्लेमवरचं उत्तर झालं. तक्रार अजून झालेलीच नाही. पत्र हातात पडल्यावर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ‘हा निर्णय मला मान्य नाही’ असं कळवलं, की तक्रारीची पायरी सुरू होते. टीपीएला, म्हणजे क्लेमचे कागद तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थेला, पाठवलेले ईमेल त्यात धरून चालू नये. एजंटाचं ‘मी बघतो’ तर नाहीच नाही. फोनचंही तसंच. चाळीस फोन केले असतील, पण लेखी काही नसेल तर कागदावर तक्रार शून्य.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेची 3 लाखांची पॉलिसी जून 2015 पासून खंड न पडता चालू आहे. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांची पित्ताशयाच्या खड्यांची शस्त्रक्रिया झाली, बिल 1,84,000 रुपये. डिस्चार्ज समरीत ‘बारा वर्षांपासून रक्तदाब’ अशी नोंद होती. पॉलिसी घेताना हा आजार लपवला, असं म्हणून कंपनीने क्लेम नाकारला.

बाईंच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. विमा नियामकाच्या नियमानुसार आरोग्य पॉलिसी सलग 60 महिने चालू राहिली, की माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक एवढाच अपवाद. 2024 पर्यंत ही मुदत आठ वर्षांची होती. बाईंची पॉलिसी दहा वर्षं ओलांडून गेली आहे, म्हणजे जुना हिशेब लावला तरी त्या सुरक्षित. पण हा मुद्दा तिसऱ्या पानावर, डॉक्टर किती चांगले होते याच्या खाली दडलेला असेल तर वाचणाऱ्याने तो उकरून काढायचा का?

सारांश एका पानाचा हवा, आणि त्याची सुरुवात दवाखान्यापासून नव्हे, तक्रारीपासून व्हायला हवी. बाईंचा सारांश साधारण असा लिहिता येईल:

“मी पॉलिसीधारक असून क्लेम माझ्या स्वतःच्या उपचारांचा आहे. कंपनीने 17 ऑक्टोबर 2025 च्या पत्राने 1,84,000 रुपयांचा क्लेम नाकारला (कागद 1). या निर्णयाविरुद्ध मी 3 नोव्हेंबर 2025 रोजी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना ईमेल केला (कागद 2). तक्रार क्रमांक देणारी पोच त्याच दिवशी मिळाली (कागद 3). 19 नोव्हेंबर 2025 रोजी ‘पूर्वीचा निर्णय कायम’ असं उत्तर आलं (कागद 4). पॉलिसी जून 2015 पासून सलग चालू आहे आणि विमा रक्कम तेव्हापासून तीच आहे (कागद 5). 60 महिन्यांची मुदत संपल्याचा मुद्दा मी ईमेलमध्ये मांडला होता. उत्तरात त्याचा उल्लेख नाही. फसवणुकीचा कोणताही पुरावा कंपनीने दिलेला नाही. या विषयावर न्यायालयात, ग्राहक आयोगात किंवा लवादापुढे माझं प्रकरण नाही. मागणी: 1,84,000 रुपये आणि नियमानुसार व्याज.”

एवढंच. पहिल्या पाच वाक्यांत अर्ज दाखल करून घेण्याच्या अटी पुऱ्या होतात. 19 नोव्हेंबर ही तारीख दिसली की वर्षाची मुदत कुठवर, हेही लगेच कळतं. उत्तर आलंच नसतं, तर 3 नोव्हेंबरपासून एक महिना मोजून त्यापुढे वर्ष धरायचं.

यातलं सर्वांत कामाचं वाक्य ‘उत्तरात त्याचा उल्लेख नाही’ हे आहे. कंपनीने तक्रार ऐकली नाही, असा नुसता आरोप करण्यापेक्षा कोणता प्रश्न विचारला होता आणि कोणता अनुत्तरित राहिला, हे दाखवलेलं बरं. त्यासाठी कंपनीला लिहितानाच मुद्दा नेमका मांडावा लागतो. ‘कृपया फेरविचार करावा’ एवढंच लिहिलं, तर ‘फेरविचार केला, निर्णय कायम’ हे उत्तर तक्रारीला साजेसंच ठरतं.

मागणीचा आकडाही सांभाळून लिहावा. मनस्तापाचे पाच लाख, कंपनीवर कारवाई, अधिकाऱ्याची बदली अशा मागण्या सर्रास जोडल्या जातात. लोकपाल प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीपलीकडे भरपाई देऊ शकत नाहीत, आणि त्यांची एकूण मर्यादा 50 लाखांची आहे. हप्ता का वाढवला, ही तक्रार वेगळी. ती याच अर्जात घुसडली तर मूळ प्रश्न धूसर होतो. कागदांना सारांशातलेच क्रमांक द्यावेत. ईमेलचा स्क्रीनशॉट लावताना तारीख आणि पाठवल्याचा पत्ता कापला जाणार नाही हे पाहावं. पुष्कळदा नेमका तोच भाग गायब असतो.

अर्जाला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. पॉलिसीधारक स्वतः किंवा त्याचे वारस, नॉमिनी अर्ज करू शकतात. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई इथे लोकपालांची कार्यालयं आहेत, गोव्याचं काम पुण्याकडे आहे, आणि cioins.co.in वरून ऑनलाइनही तक्रार करता येते. सगळे कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यावा, असा नियम आहे.

घाईघाईने ग्राहक आयोगात केस टाकून मग लोकपालांकडे येणाऱ्यांना मात्र परत जावं लागतं, कारण एकाच विषयावर दोन्हीकडे दाद मागता येत नाही. उलट क्रम चालतो. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तो मिळाल्यापासून 30 दिवसांत तिला पाळावा लागतो; तक्रारदाराला तो मान्य नसेल, तर ग्राहक आयोगाचा रस्ता त्याला नंतरही मोकळा राहतो.