लाइन गेल्यावर पडदा कुठे होता?

वलगावात मे महिन्यात पश्चिमेची खिडकी दुपारी उघडी ठेवायची सोय नाही. तिचा जाड पडदा आपोआप सरकावा म्हणून नेमा १७ मापाची स्टेपर मोटर बसवली. स्टेपर प्रत्येक पल्सला ठरावीक कोनात वळते, पण पडदा कुठवर गेला हे तिला ठाऊक नसतं. तो हिशेब कंट्रोलर ठेवतो, आणि लाइन गेली की हिशेबही जातो.

पुलीला २० दाते आणि पट्ट्याचा दात २ मिमीचा, म्हणजे एका फेऱ्यात पडदा ४० मिमी सरकतो. फेऱ्याला २०० स्टेप आणि आठवा मायक्रोस्टेप धरला, तर १.६ मीटरच्या रुळासाठी ६४,००० पल्स लागतात.

ड्रायव्हर निवडताना A4988 स्वस्त पडतो, पण झोपायच्या खोलीत त्याची किरकिर सहन होत नाही. म्हणून TMC2209 घेतला. तो जवळजवळ आवाजच करत नाही. मोटरवर १.५ अँपिअर लिहिलंय म्हणून तेवढा करंट द्यायलाच हवा असं नाही. पडदा जाड असला तरी सहज सरकतो आणि खोली आधीच तापलेली. ड्रायव्हरवरच्या सेन्स रेझिस्टरवर R110 लिहिलं असेल, तर Vref १ व्होल्ट ठेवल्यावर साधारण ०.७ अँपिअर आरएमएस मिळतो. मल्टिमीटरची एक पिन ग्राउंडला, दुसरी Vref च्या टोकाला लावून प्लास्टिकच्या स्क्रू-ड्रायव्हरने पॉट अगदी हळू फिरवायचा. चालू असताना मोटरची वायर मात्र काढायची नाही, ड्रायव्हर जळतो. करंट कमी पडला तर पडदा अडखळतो, स्टेप चुकतात आणि हिशेब पुन्हा बिघडतो. जास्त झाला तर मोटर इतकी तापते की थ्रीडी प्रिंटरवर काढलेला पीएलएचा ब्रॅकेट मऊ पडतो.

हा ड्रायव्हर स्विचशिवायही मोटर अडल्याचं ओळखू शकतो. पण रुळात धूळ बसली की अडणं आणि घासणं यातला फरक पुसट होतो. मला साधा लिमिट स्विचच बरा वाटला. तो एनसी जोडायचा: एक टोक ग्राउंडला, दुसरं पुल-अप असलेल्या पिनला. मग दाबला गेला काय किंवा उंदराने वायर कुरतडली काय, दोन्ही वेळी पिन हाय होते आणि मोटर थांबते.

लाइन आल्यावर पडदा स्विचकडे जातो, टेकला की ५ मिमी मागे येतो, पुन्हा अगदी हळू टेकतो आणि तिथे शून्य धरतो. स्विच आधीच दाबलेला असेल तर पहिलं पाऊल मागे. १.७ मीटरचे पल्स देऊनही स्विच सापडला नाही, तर मोटर बंद करायची. पट्टा निसटलेला असतो.

पडदा थांबल्यावर इनेबल पिन बंद केली की मोटर गार राहते. मात्र मग तो हाताने सरकतो. आई म्हणाली, “लाइनची वाट कोन पाहीन?” आणि ओढलाच. मोटर अशी झपकन फिरवली की ती वीज बनवून ड्रायव्हरकडे परत ढकलते, म्हणून हळू ओढायला सांगितलंय. दर सकाळी पहिल्यांदा पडदा उघडण्याआधी आता होमिंग होतंच.