सरत्या वर्षाच्या आठ पाट्या

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इन्स्टाग्राम उघडलं की एकामागून एक सरकवायच्या चित्रांच्या माळा दिसू लागतात. यालाच कॅरोसेल म्हणतात. वर्षाने दिलेले तीन धडे आणि पुढच्या वर्षाचे तीन संकल्प हा त्यातला लोकप्रिय साचा. एक मुखपृष्ठ, सहा पाट्या आणि शेवटी एखादी ओळ, अशा आठ चित्रांत तो बसतो. इन्स्टाग्राम आता वीस चित्रं टाकू देतं, पण कुणाचंही वर्ष वीस वेळा सरकवण्याइतका धीर वाचकाकडे नसतो.

अडचण मजकुराची असते. समजा, डोंबिवलीत घरून डबे देणाऱ्या एका बाईंनी पहिल्या पाटीवर लिहिलं, ‘स्वतःची किंमत ओळखायला शिकले.’ वाक्य छान आहे, पण ते शेजारच्या शिकवणीवाल्या सरांनाही चालेल. मग त्यांना विचारायचं, हे नेमकं कधी कळलं? उत्तर येतं, ‘किराणा महागला तरी गिऱ्हाईक तुटेल या भीतीने डबा नव्वद रुपयांनाच देत राहिले. दिवाळीत वही काढली, तर हातात काहीच उरलं नव्हतं.’ पाटीवर हेच जायला हवं. पहिलं वाक्य खोडलं तरी बिघडत नाही.

दुसरा धडा अर्धवट असला तरी चालतो. ‘मदतीला बाई ठेवायला हवी होती, ठेवली नाही. दुसऱ्याच्या हातची चव अजून पटत नाही.’ इथे ‘पण आता मी बदलतेय’ असं शेपूट जोडण्याचा मोह होतो आणि तिथेच खोटेपणा शिरतो. तिसऱ्या धड्यात सासूबाईंचं आजारपण येणार असेल, तर तो सासूबाईंचाही आहे. त्यांना विचारावं, त्या नको म्हणाल्या तर दुसरा धडा शोधावा. प्रामाणिक राहायचं म्हणून घरचं सगळं चव्हाट्यावर मांडायची गरज नाही.

संकल्प धड्यांतूनच निघावेत. ‘पुढच्या वर्षी हिशेबाकडे लक्ष देणार’ याला काही अर्थ नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली मांडलं, की कधी, कुठे आणि कसं हे आधीच ठरवलेला संकल्प नुसत्या इच्छेपेक्षा तडीस जाण्याची शक्यता जास्त असते. म्हणून बाईंची पाटी अशी: ‘दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारची भांडी झाली की ओट्यावरच किराण्याची बिलं मांडून डब्याचा दर तपासणार.’ मदतनिसाबाबतचा संकल्प लहानच ठेवावा: फक्त पोळ्यांसाठी, फक्त जानेवारीपुरती एक बाई. ते फसलं तर फेब्रुवारीत कळेल.

मजकूर आधी कागदावर लिहावा. रंग आणि अक्षरांचे नमुने आधी निवडले, की त्या चौकटीत शोभतील अशीच वाक्यं सुचतात. मग आपलं नाव झाकून तो एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाला वाचायला द्यावा. ‘हे तुमचंच ना?’ असं त्याने विचारलं, तर खुशाल टाकावा.