दुसऱ्यांदा बंद पडलं ते दुरुस्तीमुळे

१० जुलै २०१९ रोजी स्ट्राइप ही ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा एकाच दिवसात दोनदा कोलमडली. आधी सुमारे २४ मिनिटं आणि काही तासांनी सुमारे दीड तास. दुकानांची संकेतस्थळं उघडी होती, गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार होतं, पण त्या वेळात स्ट्राइपकडे गेलेल्या बहुतेक विनंत्या फसल्या. नंतर कंपनीचे तंत्रज्ञानप्रमुख डेव्हिड सिंगलटन यांनी ग्राहकांसाठी खुलासा लिहिला. त्यात माफी होतीच, पण खरं वाचण्यासारखं आहे ते कारण.

स्ट्राइपचा डेटाबेस अनेक तुकड्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक तुकड्याच्या प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर असतात. त्यातला एक मुख्य. तो पडला की उरलेले आपसात निवड करून नवा मुख्य ठरवतात. एरवी हे इतक्या पटकन होतं की गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. त्या दिवशी एका तुकड्याचा मुख्य सर्व्हर पडला आणि निवडच होईना.

झालं होतं असं, की त्या तुकड्यातले दोन सर्व्हर आधीपासूनच थबकलेले होते. हजेरी घेतली की ‘हजर’ म्हणायचं, पण वही कोरीच, असा त्यांचा प्रकार. तपासणीला ते ठणठणीत असल्याचं उत्तर देत. आपण किती मागे पडलोय, ही माहिती पाठवणं मात्र त्यांनी बंद केलं होतं, आणि माहिती येत नाही म्हणून घंटा वाजेल अशी सोय नव्हती. त्यात तीन महिन्यांपूर्वी डेटाबेसची नवी आवृत्ती बसवली होती. तिच्या निवडप्रक्रियेत एक दोष दडला होता. एकाहून अधिक सर्व्हर थबकलेले असतील तरच तो उघडा पडायचा, म्हणून चाचण्यांतही दिसला नाही आणि तीन महिन्यांच्या रोजच्या कामातही नाही. एका तुकड्याची वाट पाहत विनंत्या अडकून राहिल्या आणि बाकीच्यांसाठीही ताकद उरली नाही.

सगळे सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर सेवा आली. मग तंत्रज्ञांनी सावधगिरी म्हणून जुनी, पारखलेली निवडप्रक्रिया परत आणली. निर्णय वाजवी होता. पण मधल्या काळात डेटाबेसच्या सेटिंगमध्ये एक बदल झाला होता, त्याच्याशी जुन्या प्रक्रियेचं जमेना. अनेक तुकड्यांच्या सर्व्हरवर प्रोसेसरची ताकद संपली आणि दुसरी पडझड झाली. पहिल्यापेक्षा लांबलेली ही पडझड आपल्याच उपायाने ओढवली, हे खुलाशात आडपडदा न ठेवता सांगितलंय. माझ्या मते त्याची किंमत इथेच आहे. ‘तांत्रिक अडचण’ एवढ्यावर भागवणारे खुलासे आपण पुष्कळ वाचतो.

उपायही त्याच धाग्याने जातात. मूळ दोष काढायचा, थबकलेल्या सर्व्हरवर लक्ष ठेवायचं आणि एका तुकड्याच्या बिघाडाने सगळी सेवा ओढली जाणार नाही अशी रचना करायची. ते दोन सर्व्हर मुळात का थबकले, हे मात्र खुलासा लिहिताना कंपनीलाही कळलेलं नव्हतं, आणि तसं तिथे लिहिलेलं आहे.