मर्यादा वाढली, माल ‘परत’ आला, रक्कम बुडाली

उधारीवर माल विकणाऱ्या कोणत्याही कंपनीत तीन सह्या फार महागात पडू शकतात. पहिली, अमुक पार्टीला इतक्या रकमेपर्यंत उधार द्या म्हणणारी. दुसरी, पार्टीने माल परत केला म्हणून तिच्या नावावरची रक्कम कमी करणारी क्रेडिट नोट. तिसरी, ही रक्कम आता येत नाही, बुडीत खाती टाका म्हणणारी. या तिन्हींच्या फायली बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या असतात आणि तपासणीही वेगवेगळी होते. एकेक फाइल स्वतंत्रपणे पाहिली तर ती बहुधा नीटच दिसते. एकाच पार्टीच्या तिन्ही फायली शेजारी ठेवल्या की मगच गोष्ट उलगडते.

एक नमुना घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण अशी प्रकरणं अंतर्गत लेखापरीक्षकांच्या चांगल्या ओळखीची असतात. पंप आणि पाइप विकणाऱ्या एका कंपनीची जिल्ह्याच्या गावी शाखा आहे. तिथल्या एका दुकानदाराची उधारीची मर्यादा ५ लाख रुपये, मुदत ४५ दिवस. २५ मार्चला त्याच्या नावावर ४ लाख ६० हजार येणं बाकी होतं आणि त्याने ३ लाख २० हजारांची नवी ऑर्डर दिली. संगणकाने बिल अडवलं. मार्चअखेर होती, सेल्समनचं टार्गेट अपुरं होतं. शाखाप्रमुखाने अकाउंट्समधल्या मुलाला सांगितलं, “आठवड्यापुरती लिमिट आठ कर, हेड ऑफिसची मेल मागून घेतो.” लिमिट ८ लाख झाली, २८ मार्चला माल गेला, बाकी ७ लाख ८० हजारांवर पोचली. मेल काही आली नाही. लिमिटही पुन्हा ५ वर आली नाही.

९ एप्रिलला त्याच पार्टीच्या नावे २ लाख १० हजारांची क्रेडिट नोट निघाली. कारण लिहिलं होतं, ‘खराब माल परत’. बाकी ५ लाख ७० हजारांवर आली. पुढच्या तीन महिन्यांत थोडेथोडे करून ४ लाख साडेपंचवीस हजार जमा झाले आणि मग खातं थंडावलं. उरले १ लाख ४४ हजार ५००. सुमारे दोन वर्षांनी एकाच आठवड्यात तीन व्हाउचरांनी ही रक्कम बुडीत खाती गेली: ४८ हजार, ४९ हजार आणि साडेसत्तेचाळीस हजार. शाखाप्रमुखाला ५० हजारांपर्यंत राइट-ऑफ मंजूर करण्याचा अधिकार होता.

आता तपासणारा काय करतो ते पाहू. तो पार्टीच्या खातेउताऱ्यापासून सुरुवात करत नाही, कारण खातेउतारा शून्यावर आलेला असतो. तो आधी ग्राहकांच्या मास्टरमधल्या बदलांची यादी काढतो. कोणाची मर्यादा, कोणत्या तारखेला, कितीवरून किती झाली आणि बदल कोणाच्या लॉगिनने केला, एवढंच त्याला हवं असतं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाचं असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. भागीदारी फर्म किंवा एकट्याच्या मालकीच्या दुकानाला हे बंधन नाही, पण सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. ती चालू ठेवली नसेल तर हा धागा तिथेच तुटतो.

या यादीशेजारी मंजुरीची कागदपत्रं ठेवायची आणि तारखा ताडून पाहायच्या. मंजुरी आधी आणि बदल नंतर, असा क्रम हवा. मंजुरीची तारीख बदलानंतरची असेल, तर ती मंजुरी नव्हे, झालेल्या गोष्टीवर घातलेलं पांघरूण. तात्पुरत्या वाढीवर शेवटची तारीख आहे का आणि त्या तारखेला मर्यादा खरंच खाली आली का, हेही इथेच कळतं. हंगामात पंपांची मागणी वाढते, तेव्हा मर्यादा वाढवणं चुकीचं नाही. मुदत न घालता वाढवणं चुकीचं आहे. आपल्या नमुन्यात ८ लाखांची लिमिट तशीच राहिल्यामुळे पार्टी पुन्हा कधी मर्यादेबाहेर दिसलीच नाही आणि कोणी प्रश्न विचारण्याची वेळही आली नाही.

एकाच व्यापाऱ्याची दोन खाती असली तर मर्यादा कागदावरच राहते. जीएसटी क्रमांकात १५ अक्षरं-अंक असतात. पहिले दोन राज्याचे, त्यापुढचे दहा म्हणजे पॅन. मास्टरमधले हे मधले दहा वेगळे काढून लावले की एकाच पॅनवरची खाती लगेच सापडतात. बायकोच्या किंवा भावाच्या नावाची फर्म मात्र त्यात सापडत नाही. तिथे मोबाइल नंबर आणि दुकानाचा पत्ता जुळवून पाहावा लागतो.

दुसरा टप्पा परत आलेल्या मालाचा. मार्च आणि प्रत्येक तिमाही संपल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या क्रेडिट नोटा बाजूला काढायच्या, कारण टार्गेटसाठी फुगवलेली विक्री याच दिवसांत उलटी फिरते. मग प्रत्येक नोटेला एकच प्रश्न विचारायचा: माल आला कुठे? याचं उत्तर अकाउंट्सकडून घ्यायचं नाही, गोदामाच्या आवक रजिस्टरमधून घ्यायचं. खरोखर परत आलेल्या मालाचा माग अनेक ठिकाणी राहतो. फाटकावर गाडीचा नंबर असतो, गोदामात नगांची आणि तपासणीची नोंद असते, साठ्यात तेवढी वाढ असते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांहून अधिक किमतीचा माल हलवायचा तर ई-वे बिल लागतं आणि त्यात ‘विक्री परतावा’ असा प्रकार निवडता येतो. आपल्या नमुन्यातला परतावा २ लाख १० हजारांचा. ७ ते १० एप्रिल या दिवसांत गोदामात त्या पार्टीची एकही नोंद नव्हती आणि ई-वे बिलही नव्हतं. क्रेडिट नोट उघडून पाहिली तर तिच्यात मालाची ओळच नव्हती, नुसती रक्कम होती.

त्याहून बोलकी गोष्ट कराची. त्या नोटेत जीएसटी वजा केलेला नव्हता. १८ टक्के दराने २ लाख १० हजारांत कराचे ३२ हजारांहून अधिक रुपये येतात. माल खरोखर परत आला असता तर कंपनीने तेवढा कर आपल्या देण्यातून कमी करून घेतला असता. ही मुभा हातची कोण घालवेल? पण कर लावून काढलेली क्रेडिट नोट खरेदीदाराला जीएसटी पोर्टलवर दिसते आणि तेवढं क्रेडिट त्याला सोडावं लागतं. त्याच्या हिशेबनिसाने लगेच फोन करून विचारलं असतं, “आम्ही कधी माल परत केला?” हा फोन येऊ नये म्हणून कर वगळला होता. नोंदणीकृत व्यापाऱ्याचा ‘माल परत’ आणि तरी करात फरक नाही, अशा नोटांची यादी काढायला पाच मिनिटं लागतात आणि ती बहुतेक वेळा वाया जात नाहीत.

उलटी लबाडीही होते. रक्कम बुडाली म्हणून विक्रीवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही. त्यामुळे बुडालेली रक्कम ‘माल परत’ दाखवून कर वाचवण्याचा मोह होतो. म्हणून कर असलेल्या नोटांनाही गोदामाचा प्रश्न विचारायचाच.

तिसरा टप्पा राइट-ऑफचा. इथे आयकराचा एक निर्णय व्यवहारात फार ऐकू येतो. टी.आर.एफ. लिमिटेडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली म्हटलं, की १ एप्रिल १९८९ नंतर बुडीत रकमेची वजावट मागताना ती खरोखर वसूल होणार नव्हती हे सिद्ध करावं लागत नाही. हिशेबात ती बुडीत म्हणून काढून टाकली की पुरे. निर्णय कराबाबत आहे. पण अनेक कार्यालयांत त्याचा अर्थ ‘कागद लागत नाहीत’ असा घेतला जातो. आयकर खात्याला पुरावा नको असला तरी मालकाला हवाच. वसुलीसाठी कोण कधी गेलं, नोटीस पाठवली का, चेक परत आला असेल तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत कायदेशीर मागणी केली का, आणि दावा लावायची तीन वर्षांची मुदत कधी संपते, एवढं त्या फाइलमध्ये असायला हवं. मुदत संपण्याआधी पार्टीने बाकी लेखी मान्य केली तर तीन वर्षं नव्याने मोजली जातात. म्हणून दरवर्षी पार्टीची सही घेतलेलं बाकीचं पत्र हे तपासणीलाही उपयोगी आणि कोर्टातही.

आपल्या फाइलमध्ये यातलं काहीच नव्हतं. होती फक्त तीन व्हाउचरं, प्रत्येक पन्नास हजारांच्या आत. एकाच पार्टीच्या राइट-ऑफची वर्षभराची बेरीज मंजुरीच्या मर्यादेशी ताडून पाहिली तर असे तुकडे लपत नाहीत. म्हणून अधिकाराच्या तक्त्यात ‘प्रत्येक व्हाउचरला’ न लिहिता ‘एका पार्टीला वर्षभरात’ असं लिहावं. आणि ज्याने मर्यादा वाढवली त्यानेच राइट-ऑफ मंजूर करावा, हे तर होताच कामा नये. तो स्वतःच्याच निर्णयाची चूक पुसत असतो.

शेवटी पार्टीला विचारायचं, पण शाखेमार्फत नाही. तपासणाऱ्याने स्वतः पत्र पाठवायचं आणि उत्तर थेट आपल्याकडे मागवायचं. या नमुन्यातल्या दुकानदाराचं दुकान चालूच होतं. त्याने कळवलं, की माल कधी परत केलेला नाही आणि खातं केव्हाच चुकतं झालं आहे. त्याच्याकडे सेल्समनने सही करून दिलेल्या कच्च्या पावत्या होत्या. त्यांची बेरीज ३ लाख ५४ हजार ५०० झाली, म्हणजे क्रेडिट नोट आणि राइट-ऑफ मिळून बरोबर तेवढीच. दुकानदाराने पैसे दिले होते, कंपनीकडे पोचले नव्हते. क्रेडिट नोटेने पहिला हप्ता झाकला, राइट-ऑफने उरलेला.

राइट-ऑफ झालेल्या खात्याची आणखी एक अडचण आहे. खातं बंद झालं की त्याची बाकी कोणाच्याच यादीत दिसत नाही, पण येण्यावरचा हक्क संपत नाही. वर्षभराने पार्टीने पैसे आणून दिले तर ते खिशात घालणाऱ्याला कोणी विचारणार नाही. म्हणून बुडीत खात्यांचं वेगळं रजिस्टर ठेवायचं आणि त्यातल्या पार्ट्यांना अधूनमधून थेट पत्र पाठवायचं. नंतर वसूल झालेली रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी लागते, हेही लक्षात ठेवायचं.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. गोदामवाला आणि सेल्समन एक झाले तर आवक रजिस्टरही खोटं बोलतं. मग अचानक जाऊन माल मोजण्याशिवाय इलाज नाही. चार माणसांच्या दुकानात तीन सह्यांसाठी तीन वेगळे लोक मिळत नाहीत. तिथे मालकाने महिन्याला तीन याद्या स्वतः काढाव्यात: वाढवलेल्या मर्यादा, निघालेल्या क्रेडिट नोटा आणि राइट-ऑफ. मर्यादा आणि राइट-ऑफ यांच्यात वर्षादोन वर्षांचं अंतर पडतं, म्हणून याद्या निदान तीन वर्षांच्या शेजारी ठेवाव्यात. मग जी नावं तिन्ही याद्यांत आहेत त्यांच्यावर खूण करायची. अशी नावं फार नसतात, आणि त्या पार्ट्यांना फोन मालकानेच करायचा, सेल्समनने नाही.