साखर ७.८ की १४०? फोटोतला रिपोर्ट वाचताना

गेल्या महिन्यात वस्तीतल्या एक मावशी मोबाइल घेऊन घरी आल्या. त्यांचा मुलगा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे, त्याला मधुमेह आहे. त्याने तिथल्या रक्त तपासणीच्या रिपोर्टचा फोटो पाठवला होता. उपाशीपोटीची साखर ७.८.

"सिस्टर, आपल्याकडं शंभर-सव्वाशे असते. ह्याची सातावर आली. गोळी बंद कर म्हणून सांगितलंय मी त्याला."

साखर उतरली नव्हती, माप बदलले होते. आपल्याकडे एक डेसिलिटर रक्तात साखर किती मिलिग्रॅम आहे ते मोजतात. रिपोर्टवर mg/dL लिहिलेले असते. म्हणजे हे वजन झाले. इंग्लंडमध्ये एक लिटरमध्ये साखरेचे रेणू किती, ते मिलिमोलमध्ये सांगतात. तिथे mmol/L असते. साखरेसाठी मिलिमोलच्या आकड्याला १८ ने गुणायचे. ७.८ गुणिले १८ म्हणजे १४०. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त साखर मधुमेहात मोडते. म्हणजे गोळी बंद करण्यासारखे काहीच नव्हते.

त्याच कागदावर कोलेस्टेरॉल ५.४ आणि ट्रायग्लिसराइड २.१ होते. इथे १८ चालत नाही. प्रत्येक पदार्थाच्या रेणूचे वजन वेगळे, म्हणून गुणायचा आकडाही वेगळा. एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल आणि एचडीएल यांना ३८.७ ने गुणायचे, ५.४ चे २०९ होतात. ट्रायग्लिसराइडला ८८.६ ने, २.१ चे १८६ होतात. मर्यादा १५० ची, म्हणजे हे वाढलेले आहे. चुकून ३८.७ नेच गुणले तर ८१ येतात आणि सगळे ठीक वाटते. चुकीचा गुणाकार असा खोटा दिलासा देतो.

फोटोचा धोका वेगळाच. अंधूक फोटोत टिंब दिसले नाही तर ७.८ चे ७८ होतात, आणि ७८ ही आपल्याकडची अगदी चांगली साखर! म्हणून आकड्याशेजारचा सामान्य मर्यादेचा रकाना आधी बघा. उपाशीपोटीच्या साखरेसमोर साधारण ४ ते ५.५ असेल तर मिलिमोल. ७० ते ९९ असेल तर मिलिग्रॅम. तो रकाना कापला गेला असेल तर अंदाज करू नका. कागद सपाट ठेवून, चारही कडा दिसतील असा फोटो पुन्हा मागवा.

एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी. तिला हे गुणाकार लावू नका. ती आपल्याकडे टक्क्यांत असते, आणि ७.८ साखर पाहून ती ७.८ टक्के समजण्याची चूकही होते.

इथला रिपोर्ट परदेशी पाठवताना उलटे करा, म्हणजे भागा: १४० भागिले १८, ७.८. आकड्याबरोबर एकक आणि उपाशीपोटी की जेवणानंतर हेही लिहा.

मावशींनी माझ्यासमोरच मुलाला फोन लावला. गोळी चार दिवस बंद होती. आजच तिथल्या डॉक्टरांना हे सांग आणि गोळीचे विचारून घे, असे त्याला सांगितले.