चकत्यांच्या नळीतून किती उष्णता जाते?

मोटारसायकलच्या सिलिंडरभोवती धातूच्या पातळ चकत्यांची रांग दिसते. कारखान्यातल्या एअर कूलरच्या नळ्यांवरही अशाच गोल चकत्या, म्हणजे फिन, बसवलेल्या असतात. हवा उष्णता सावकाश ओढते, म्हणून तिला भिडायला जास्त पृष्ठभाग द्यायचा. पण पृष्ठभाग दहापट झाला म्हणून उष्णताही दहापट जाईल, असं नाही. चकतीचं मूळ नळीइतकं तापतं, कड मात्र त्याहून थंड राहते, आणि थंड कडेकडून हवेला कमीच उष्णता मिळते. सगळी चकती मुळाइतकी तापली असती तर जितकी उष्णता गेली असती, तिच्या किती पट खरोखर जाते, ते म्हणजे फिनची कार्यक्षमता. गोल चकतीसाठी हे गणित किचकट होतं, म्हणून ती तयार आलेखावरून वाचतात. असे आलेख गार्डनर यांनी १९४५ साली प्रसिद्ध केले.

एक उदाहरण करून पाहू. नळीचा बाहेरचा व्यास २५ मिमी, चकतीचा ५७ मिमी आणि जाडी ०.४ मिमी. म्हणजे चकती नळीबाहेर १६ मिमी येते. कडेवरूनही थोडी उष्णता जाते, म्हणून या लांबीत अर्धी जाडी मिळवून १६.२ मिमी धरायचे. धातू ॲल्युमिनियम, त्याची उष्णतावाहकता k = २०० वॅट प्रति मीटर प्रति अंश. पंख्याच्या हवेचा उष्णता-गुणांक h = ४० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश. आलेखाच्या आडव्या अक्षावरचा आकडा असा काढतात:

x = Lc × √(h / (k × t)) = 0.0162 × √(40 / (200 × 0.0004)) ≈ 0.36

इथे सगळ्या लांब्या मीटरमध्येच हव्यात. आता सुधारित बाहेरच्या त्रिज्येला नळीच्या त्रिज्येने भागायचं: २८.७ भागिले १२.५, म्हणजे सुमारे २.३. आलेखात २ आणि ३ च्या रेषांच्या मधे, २ च्या जवळ पाहिलं की कार्यक्षमता सुमारे ०.८८ मिळते. चुकून १ ची, म्हणजे सरळ फिनची, रेषा धरली तर ०.९२ येते आणि उत्तर फुगतं. काही पुस्तकांत आडव्या अक्षाच्या आकड्यात √२ धरलेला असतो. म्हणून अक्षाखालचं सूत्र आधी वाचावं.

एक मीटर नळीवर २५० चकत्या आहेत. त्यांचा एकूण पृष्ठभाग १.०५ चौरस मीटर, तर चकत्यांमधल्या उघड्या नळीचा ०.०७. नळी ९० अंशांवर, हवा ३० अंशांवर, म्हणजे फरक ६० अंश.

चकत्यांतून: ०.८८ × १.०५ × ४० × ६० ≈ २,२२० वॅट.
उघड्या भागातून: ०.०७ × ४० × ६० ≈ १७० वॅट.

उघडा भाग नळीइतकाच तापलेला असतो, म्हणून त्याला ०.८८ ने गुणायचं नाही. एकूण सुमारे २,३९० वॅट. चकत्या नसत्या तर हीच नळी जेमतेम १९० वॅट देते.

ॲल्युमिनियमऐवजी k = ५० असलेलं पोलाद घेतलं तर कार्यक्षमता सुमारे ०.६६ पर्यंत उतरते आणि एकूण उष्णता १,८०० वॅटच्या आसपास राहते. आणि चकती नळीवर सैल बसली असेल, तर मधल्या फटीचा अडथळा या आलेखात धरलेलाच नसतो. प्रत्यक्ष मोजलेली उष्णता हिशेबापेक्षा बरीच कमी भरली, तर आधी चकतीचं मूळ नळीला घट्ट चिकटलंय का, ते तपासा.