हिशेब येतो, शब्द येत नाही

मालेगावच्या उर्दू शाळेतली चौथीची एक मुलगी पुण्याला मराठी शाळेत आली. गणितात हुशार, पण वर्गात गप्प. 'जर्ब' तिला येत होतं, 'गुणाकार' हा शब्द नवा होता.

पालकहो, घर हलवायच्या महिनाभर आधी बालभारतीची त्याच इयत्तेची गणिताची उर्दू आणि मराठी पुस्तकं शेजारी ठेवा. धडे तेच असतात. रोज चार-पाच जोड्या वहीत लिहून घ्या: जमा–बेरीज, तफरीक–वजाबाकी, तकसीम–भागाकार. मग मराठीतलं शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचायला लावा. चुकलं तर तेच उर्दूत द्या. उर्दूत बरोबर आलं, तर अडचण गणिताची नाही, शब्दांची आहे. हे नव्या वर्गशिक्षकांनाही पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे मूल 'कच्चं' ठरणार नाही.